पाचशेव्या शब्दसापाचं कूपन

अकोल्याच्या जुन्या शहरात मोरोपंत मास्तरांना लोक शब्दसापवाले म्हणत. अमरावतीच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत शब्दसाप हे कोडं येई. कोपऱ्यातून निघून चौकोनांच्या कडेकडेनं वळसे घेत आत शिरायचं आणि एका उत्तराचं शेवटचं अक्षर तेच पुढच्याचं पहिलं. बरोबर उत्तरवाल्यांची नावं पुढच्या रविवारी छापून येत. नऊ वर्षं मोरोपंतांचं नाव चुकलं नाही.

सोडवायच्या मात्र त्यांच्या बायको, शैलाबाई. भाजी निवडता निवडता पेन्सिलीनं रद्दीवर. कूपन घरटी एकच, त्यावर मास्तर सुवाच्य अक्षरात उतरवत आणि खाली स्वतःचं नाव घालत. ऐतखाऊ म्हणावं तर माणूस शिक्षक, पेन्शन घेणारा!

पाचशेवा शब्दसाप आला तेव्हा शैलाबाईंनी एकदाच मागितलं, या वेळी माझं नाव घाला. आपलं नाव छापलेलं त्यांनी लग्नपत्रिकेनंतर पाहिलं नव्हतं. मास्तर उदारपणे हो म्हणाले, नाव घातलं, कूपनाचा फोटो काढला आणि पाकीट टपालात टाकलं.

पुढच्या रविवारी यादीत शैलाबाई नव्हत्या. मास्तर समजुतीनं म्हणाले की पहिलीच वेळ, होतं असं. शेजारच्या नितेशलाही त्यांनी हेच हसत सांगितलं.

शैलाबाईंनी छापलेलं उत्तर रद्दीवरच्या उत्तराशी ताडून पाहिलं. अक्षरन् अक्षर तेच. मग मास्तरांच्या मोबाइलमधला फोटो उघडला. कुलूप बरोबर होतं. पुढचं शोधसूत्र, 'उन्हात डोक्यावर घेतात', तीन अक्षरं. त्यांचा 'पदर' खोडून मास्तरांनी 'पटका' केला होता. पटका बांधतात, घेत नाहीत, एवढंही सुचलं नव्हतं. आणि र जाऊन का आल्यावर पुढचा, विहिरीवरचा रहाट 'काहाट' झाला होता. तिकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

शैलाबाईंनी मोबाइल मास्तरांपुढे धरला.

"नऊ वर्षं माह्यं उत्तर तुमच्या नावानं गेलं," त्या म्हणाल्या, "तवा एकडाव तरी दुरुस्त करावंसं वाटलं काय तुमाले?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "तुह्या नावानं जाऊन राह्यलं होतं, म्हून तपासून पाह्यलं."

यात काही वावगं बोललो असं त्यांना वाटलंच नाही. त्यांनी नवं कूपन कापलं, आधी नावाच्या जागी मोरोपंत लिहिलं, मग पेन उचलून पहिला शब्द विचारला.

शैलाबाईंना सूत्र ऐकताच शब्द सुचला होता. अक्षरांची संख्या जुळेल पण शेवटचं अक्षर पुढच्या शब्दाशी जुळणार नाही असा दुसराच शब्द त्यांनी निवडला आणि सावकाश, नीट उच्चारून मास्तरांना सांगितला.