शून्याचं पोट

मुळे सरांच्या नोट्सची स्टेन्सिल कापायचा मान दरवर्षी कॉलेजातल्या सगळ्यात सुबक अक्षराच्या मुलीला मिळे. एकाहत्तर साली तो सोनईच्या चांगुणाला मिळाला. मेणाचा निळसर कागद पाटीवर ताणायचा आणि लोखंडी टोकाच्या लेखणीनं अक्षरं कोरायची. हात फार जड पडला तर शून्याचं पोट गळून पडतं आणि छापताना तिथं शाईचा काळा डाग उमटतो. चांगुणाचं एकही शून्य गळत नसे. सर तिला सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "अक्षर मोत्यासारखं. डोक्याचं नंतर बघू." वर्ग हसला होता. तीही हसली होती.

सोनईत भिमाजीनं, तिच्या बापानं, एकच अट घातली होती. "बी.एस्सी. पास झालीस तर पुन्याला धाडतो. न्हाई तर तुळशीचं लगीन झालं की तुजं. पोरगा बगून ठिवलाय." बाप बोलला तसं करणारा होता, चांगल्यातही आणि वाईटातही.

सव्विसाव्या पानावर तिची लेखणी थबकली. धडा होता वक्राखालचं क्षेत्रफळ अंदाजानं काढायचा. वक्राच्या उभ्या पट्ट्या पाडायच्या. पट्टीचा माथा सरळ रेषेनं जोडला तर तो ट्रॅपेझॉइडचा नियम. दोन-दोन पट्ट्यांच्या माथ्यावर पॅराबोलाची कमान बसवली तर तो पॅराबोलाचा. पट्ट्या दुप्पट केल्या की पहिल्याची चूक साधारण चौथ्या हिश्शावर येते, दुसऱ्याची थेट सोळाव्या. चांगुणाला हे फार आवडायचं. सरळ काठीपेक्षा वाकलेली काठी जमिनीला अधिक जुळते, असं ती मेहताबला सांगायची. मेहताब शेवगावची, होस्टेलवर तिच्या शेजारच्या खाटेवर झोपायची. ती म्हणायची, "तू काठ्याच वाकव. मला पास होऊ दे."

पण चूक जास्तीत जास्त किती, हे सांगायला पॅराबोलाच्या नियमात वक्राचं वळण कसं बदलतं ते सांगणारं चौथं डेरिव्हेटिव्ह लागतं आणि त्या सगळ्या टप्प्यात ते जिथं सर्वात मोठं होतं तिथली किंमत घ्यावी लागते. सरांनी उदाहरण घेतलं होतं एक्सच्या वर्गमुळाचं, शून्यापासून एकपर्यंत, चार पट्ट्या. किंमत घेतली होती उजव्या टोकाची, एकपाशी. उत्तर: चूक ०.००००२ हून जास्त नाही.

उजवं टोक घ्यायची सरांना सवयच होती. बहुतेक उदाहरणांत तेच मोठं निघे. पण वर्गमुळाचा वक्र शून्यापाशी ताठ उभा राहतो. तिथं चौथं डेरिव्हेटिव्ह वाढत वाढत अनंताला जातं. त्याला सर्वात मोठी किंमतच नाही, मग चुकीला कुंपण कुठून घालणार? तिनं बेरीज मांडली. पॅराबोलानं आलं ०.६५६५. खरं उत्तर दोन तृतीयांश, ०.६६६७. चूक ०.०१. सरांनी लिहिलं होतं त्याच्या पाचशे पट. ट्रॅपेझॉइडची चूक त्याहून दुप्पट होती खरी, पण निदान तिच्याबद्दल कुणी खोटं वचन दिलेलं नव्हतं.

हस्तलिखित घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी पान पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग चष्मा पुसत गोड आवाजात म्हणाले, "छान. बारीक नजर आहे. आता आहे तसं उतरव. मी बघतो पुढं काय करायचं ते."

तिनं आहे तसं उतरवलं. हस्तलिखित सरांनी परत मागून घेतलं.

एप्रिलात प्रात्यक्षिक परीक्षेला पाचवा प्रश्न तोच आला. आकडेही तेच. वर्गातल्या सगळ्यांनी ०.००००२ लिहिलं, मेहताबनंही. चांगुणानं लिहिलं, शून्यापाशी चौथं डेरिव्हेटिव्ह अमर्याद आहे, म्हणून हे सूत्र इथं चालत नाही. आणि खाली पाचशे पटीचा हिशेब मांडला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक पुण्याहून आले होते. त्यांच्यासमोर चहा होता आणि तिचा पेपर. शेजारी मुळे सर.

"हे तू शोधलंस?" परीक्षकांनी विचारलं.

"हो सर."

त्यांनी पेन्सिल घेतली, पेपराच्या कडेला चार ओळी मांडल्या. पेन्सिल थांबली. त्यांनी मान वर करून मुळे सरांकडे पाहिलं. चांगुणाला वाटलं, आता. पुण्याचा रस्ता तिला त्या टेबलावरून निघालेला दिसला.

मुळे सर हसले. "अहो, मूळ नोट्समध्ये मर्यादा एक ते दोन आहेत. तिथं सर्वात मोठी किंमत एकपाशीच येते आणि उत्तरही बरोबर हेच येतं. करून बघा. स्टेन्सिल हिनंच कापलीय. एकाचं शून्य केलं, दोनाचं एक, आणि आख्ख्या वर्गाला बुडवलं. प्रश्नही त्याच छापील पानावरून घेतला गेला. आता स्वतःच केलेली चूक शोधून शहाणपण मिरवतेय."

परीक्षकांनी पुन्हा चार ओळी मांडल्या. एक ते दोन. चार पट्ट्या. ०.००००२. चोख.

"सर, हस्तलिखितात शून्यच होतं," चांगुणा म्हणाली. "मी तुम्हाला येऊन दाखवलं."

"कुठंय हस्तलिखित?"

तिनं सरांकडेच पाहिलं.

"दाखव ना. का तेही मीच खाल्लं?"

परीक्षकांना सगळं कळलं होतं. ते तिला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. म्हणून तर त्यांनी डोळे खाली घातले. त्यांनी कपबशी उचलली आणि नेमकी तिच्या हिशेबावर ठेवली. "लग्नबिग्न ठरलंय का बाळ?" त्यांनी विचारलं. "मग काळजी कसली. ये तू."

जूनमध्ये निकाल लागला. वर्गाला पाचव्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले, उत्तर बरोबर म्हणून. पाचव्याला आणि तोंडीला शून्य मिळून चांगुणा प्रात्यक्षिकात नापास. मेहताबनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं आणि पुण्याला जायची ट्रंक भरायला घेतली.

ऑक्टोबरात पुन्हा बसता येणार होतं. अर्जावर विभागप्रमुखांची, म्हणजे मुळे सरांचीच, सही लागे. मुदत आठवडाभराची, एवढंच तिनं ऐकलं होतं. सोमवारी तिनं अर्ज मुळे सरांच्या टेबलावर ठेवला. "राहू दे," सर म्हणाले. "आधी एक काम कर. सव्विसावं पान नव्यानं कापायचंय. तुझ्या हाताला तोड नाही."

मंगळवारी मेणकागद आला नव्हता. बुधवारी सर बाहेरगावी गेले. गुरुवारी ती पाटी घेऊन बसली. सरांनी नवं हस्तलिखित दिलं: मर्यादा एक ते दोन. खाली नवीन टीप होती. 'शून्य ते एक घेतल्यास चौथे डेरिव्हेटिव्ह अमर्याद होते. प्रत्यक्ष चूक सांगितलेल्या मर्यादेच्या पाचशे पट येते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.' वाक्य तिच्या पेपरातलं होतं, शब्द न् शब्द.

पाच शून्यं त्या एका आकड्यात. एक जरी जोरानं दाबलं असतं, तरी पोट गळालं असतं आणि वर्षभर प्रत्येक प्रतीवर डाग उमटला असता. लेखणी तिच्या हातात होती. पण अर्ज सरांच्या ड्रॉवरमध्ये होता. तिनं एकेक शून्य फुंकर घालावी इतक्या हलक्या हातानं कोरलं. एकही गळलं नाही.

सरांनी कागद उजेडाला धरून पाहिला. "वा." मग ड्रॉवर उघडून अर्ज काढला, सही केली, तारीख घातली आणि तिच्याकडे सरकवला.

हेडक्लार्कनं खिडकीतूनच मान हलवली. "मुदत काल संपली, ताई. सोमवारीच का न्हाई आणला?"

ती धावत परत आली. "सर, मुदत काल..."

"अरेरे," मुळे सर म्हणाले. "आधी बोलायचंस ना. मला कसं कळणार?" नवा मेणकागद त्यांनी पुठ्ठ्याच्या फाइलीत घातला, चुरगळू नये म्हणून वरून दुसरा पुठ्ठा लावला.

बाहेर फाटकापाशी भिमाजी उभा होता. सहीसाठी लेक आली म्हणून तोही एस.टी.नं आला होता, पिशवीत तिच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा घेऊन.

"झालं का काम?" त्यानं विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "लई चांगलं झालं म्हणाले."