ठाकूरसाहेबांचा पांढरा फेटा

ठाकूर मोहबतसिंह वारल्याची बातमी त्यांना स्वतःला सकाळी नाश्त्याच्या वेळी कळली. मक्याची राब, म्हणजे ताकातली पातळ पेज, वाटीत गार होत होती, शेजारी मी होतो, आणि भीलवाड्याहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. फोन मीच उचलला, कारण ठाकूरसाहेबांच्या हातात वाटी होती. पलीकडून नुसतं रडणं. मी फोन त्यांच्या कानाशी धरला.

"जीजीसा, कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

पलीकडचं रडणं एकदम थांबलं. मग जीजीसांनी अगदी हळू विचारलं, "तूच बोलतोयस?"

"मीच."

"मग तू गेला नाहीस?"

ठाकूरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिरणमगरी वस्तीत त्यांचा वीस वर्षांपासूनचा शेजारी, खात्री देण्यासारखा माणूस. मी मान हलवून नाही म्हटलं. "मास्टरसाबसुद्धा नाही म्हणतायत," त्यांनी बहिणीला सांगितलं, आणि वाटी खाली ठेवली. पुढे ती राब कुणीच खाल्ली नाही.

घोळ झाला होता तो तेजपालच्या फोटोमुळे.

तेजपाल हा त्यांचा एकुलता एक मुलगा, तलावाकाठच्या एका हॉटेलात पाहुण्यांना खोल्या देण्याच्या कामावर. सोनाण्याच्या रावजींच्या मुलीशी त्याची सोयरीक ठरली होती आणि टिळा, म्हणजे साखरपुडा, येत्या आठवड्यात होता. मुलगी राजी, रावजी राजी. राजी नव्हत्या त्या रावजींच्या आई, माजीसा. त्यांच्या मते ज्याचा पणजोबा रायसरगढच्या दरबारात उभा राहत होता त्याने लोकांच्या बॅगांवर चिठ्ठ्या चिकटवू नयेत. त्या घरात माजीसांनी नाही म्हटलं की विषय संपतो. तेव्हा टिळ्याआधी मुलाचा एक असा फोटो पाठवायचा की म्हातारीला हॉटेल न दिसता दरबार दिसावा, असं तेजपालने ठरवलं. कल्पना वाईट नव्हती.

घरात पणजोबांचं चित्र होतंच. हातभर उंचीचं, दरबारी चितेऱ्याने काढलेलं. पणजोबा एका बाजूने दिसणारे, हातात फूल, डोक्यावर पगडी, अंगात अंगरखा, खांद्यावर दुपट्टा. तेजपाल ते चित्र कापडात गुंडाळून किसनलालच्या स्टुडिओत घेऊन गेला. मी सोबत होतो, कारण चित्र धरायला दोन माणसं लागतात.

किसनलालचे वडील काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरायचे. किसनलाल आता संगणकाला सांगतो आणि संगणक भरतो. आधी माणसाचा साधा फोटो द्यायचा, मग हवं ते शब्दांत लिहायचं. पहिल्यांदा त्याने लिहिलं, चेहरा तसाच ठेव, राजेशाही पोशाख घाल. संगणकाने तेजपालला लग्नाच्या बँडचा मुख्य केला. डोक्यावर हातभर उंच साफा, त्याला कमरेपर्यंत शेपटा, वर मोराचं पीस, अंगात सोनेरी बटणांची शेरवानी.

"हे आपल्याकडे कुणी घालतच नव्हतं," तेजपाल म्हणाला.

"त्याला काय माहीत," किसनलाल म्हणाला. "त्याने आयुष्यात पाहिलीत ती सगळी लग्नंच. त्याला राजा म्हटलं की नवरदेव कळतो. आपण राजा म्हणायचंच नाही. एकेक कपडा सांगायचा."

मग एकेक कपडा सांगणं सुरू झालं. पगडी चपटी, डोक्याला घट्ट, मागच्या बाजूला जराशी चढती, शेपटा नाही, पीस नाही. अंगरख्याला कॉलर नाही, एकही बटण नाही. छातीवर गोल कापलेलं, त्या गोलात आतलं कापड दिसतं, आणि बंद काखेखाली बांधलेले. कुठल्या काखेखाली, यावर चहा झाला, कारण चित्र बघणाऱ्याची डावी बाजू वेगळी आणि आतल्या माणसाची वेगळी. शेवटी 'अंगरखा घालणाऱ्याच्या डाव्या काखेखाली' असं लिहिल्यावर बंद जागेवर आले. दुपट्ट्याने फार त्रास दिला. नुसतं दुपट्टा म्हटल्यावर संगणकाने तो तेजपालच्या डोक्यावरून नवरीसारखा घेतला, आणि खरं सांगायचं तर त्याला शोभला. मग लिहावं लागलं, पातळ कापड, अरुंद घडी करून एकाच खांद्यावरून पुढे सोडलेलं, टोक कमरपट्ट्यात खोवलेलं.

तेजपाल भिंग घेऊन चित्रावर वाकला होता. जे दिसेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, असा त्याचा हट्ट. पगडी पांढरी, त्याने सांगितलं. अंगरखा पांढरा. दुपट्टा पांढरा. तिन्हींच्या कडेला बारीक काळी रेघ. किसनलालने लिहिलं. संगणकाने केलं. समोर तेजपाल उभा राहिला तो थेट चित्रातून उतरल्यासारखा. संध्याकाळी त्याने तो फोटो बिरादरीच्या गटावर टाकला, खाली एक शब्द न लिहिता. फोटोच बोलेल, म्हणाला.

फोटो बोलला. आपल्याकडे मुलगा पांढरी पगडी बांधतो ती एकाच दिवशी, बाप गेल्यावर.

दुसऱ्या सकाळी, जीजीसांच्या फोननंतर, दहाच्या सुमाराला फाटकाशी मोटार थांबली. रावजी उतरले, पांढऱ्या साफ्यात. मागून माजीसा, फिकट ओढणी कपाळापर्यंत ओढलेली, काठी टेकत. ठाकूरसाहेब दाराशी उभे होते. बातमी खोटी असल्याचं ते सकाळपासून फोनवर सांगत होते, पण सोनाण्याचे लोक तोवर वाटेला लागले होते. रावजींनी हात जोडून मान खाली घातली, दारातल्या माणसाला "फार वाईट झालं, हुकुम," असं अदबीने म्हणाले, आणि मग मान वर केली.

मी त्यांना खुर्ची दिली. त्यांना तिची गरज होती.

माजीसा मात्र उभ्याच राहिल्या. त्यांनी ठाकूरसाहेबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आजारीही नाहीत हे पाहून घेतलं, आणि आत येऊन जाजमावर बसल्या. चहाला नको म्हटलं. दुखवट्याला आलेल्या घरी चहा घेतला तर सोयरीक मान्य केल्यासारखं होतं आणि न घेतला तर समोरचा माणूस गेला असं धरल्यासारखं, अशी काहीतरी अडचण त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"मुलगा कुठाय?" त्यांनी विचारलं.

तेजपाल आला. हॉटेलच्या गणवेशात होता, रंगीत टाय होता. तो पाया पडला. त्यांनी आशीर्वाद दिला नाही.

"बाप जिवंत असताना अंगावर पांढरं घेतलंस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "नुसत्या फोटोत, म्हणशील. टिळ्याचा पहिला फोटो हाच. अशा घरात मी नात देऊ?"

रावजी काही बोलायला गेले. त्या म्हणाल्या, "तू फेटा काढ आधी. माणूस समोर बसलाय." रावजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला. पुढे तासभर त्यांना तो कुठे ठेवावा ते कळलं नाही.

तेजपालचा चेहरा उतरला होता. त्याने हळूच सांगितलं, की त्याने मनाचं काही केलं नाही, पणजोबांचा पोशाख जसाच्या तसा लिहिला.

"म्हणजे तुझ्या पणजोबांनी स्वतःचं सुतक काढून घेतलं चितेऱ्याकडून?" माजीसा म्हणाल्या. "आण ते चित्र."

चित्र आलं. माजीसांनी चष्मा पुसला, चित्र खिडकीकडे तिरकं धरलं, पुन्हा सरळ केलं, पुन्हा तिरकं. ठाकूरसाहेब श्वास रोखून बसले होते, आणि त्या दिवशी ते कुणालाच बरं दिसलं नाही.

"सुतकाच्या पगडीला काठ असतो का रे?" त्यांनी एकदम विचारलं.

नसतो, ठाकूरसाहेब म्हणाले. ती कोरी असते. तिला दागिनाही नसतो.

"मग हा काठ कसला? आणि पगडीच्या पुढे हे काळं टिंब काय आहे?"

तेजपाल म्हणाला, टिंब त्याला डाग वाटलं, म्हणून लिहिलं नाही. माजीसांनी त्याच्याकडे असं पाहिलं की हॉटेलातल्या नोकरीचा विषयच मागे पडला.

"मुलाच्या आईच्या पेटीत जुनी ओढणी असेल. गोटा लावलेली," त्यांनी ठाकूरसाहेबांना सांगितलं. तेजपालच्या आईने पेटी उघडून आपल्या सासूची ओढणी आणली. कडेचा गोटा, म्हणजे चांदीची पट्टी, काळा ठिक्कर पडलेला. माजीसांनी ती चित्राशेजारी ठेवली. दोन्ही काठ एकसारखे काळे.

"चांदी आहे ही," त्या म्हणाल्या. "चितेऱ्याने खरी चांदी लावली, ती काळवंडली. टिंब म्हणजे पगडीचा सरपेच, तोही चांदीचा. आणि पांढरी म्हणतोस ती पगडी घडीच्या आत बघ."

तेजपालने भिंग लावलं. जिथे एक पेच दुसऱ्याखाली जात होता, तिथे सावलीसाठी दाट भरलेला रंग शिल्लक होता. फिकट गुलाबी.

"शरद पौर्णिमेचा दरबार," माजीसा म्हणाल्या. "फिकट कपडे, चांदीचे काठ, चांदण्यात बसायचं. माझे वडील असेच जात. तू पणजोबांच्या कपड्यांचं वर्णन केलंच नाहीस. चित्राच्या म्हातारपणाचं केलंस."

किसनलालला फोन लावला. माजीसा सांगत गेल्या, तेजपाल लिहून पाठवत गेला. पगडी फिकट गुलाबी. काठ चांदीचा. पहिल्या खेपेला पगडी अख्खी चांदीची होऊन आली, पातेलं पालथं घातल्यासारखी. मग लिहिलं, कापड मलमल, चमक नाही. फक्त कडेला बोटभर चांदीची पट्टी शिवलेली. पुढे मधोमध छोटा चांदीचा सरपेच. अंगरख्याच्या मलमलीतून आतली सुरवार अंधुक दिसते. दुपट्टा गुलाबीच, पगडीहून हलका. चौथ्या खेपेला फोटो आला आणि माजीसा तो बघत राहिल्या. त्यांच्या वडिलांचा एकही फोटो उरला नव्हता, हे रावजींनी मला नंतर सांगितलं.

"हा गटावर टाक," त्या अखेर म्हणाल्या. "पण बापाला शेजारी उभा कर. नाहीतर लोक म्हणतील बारावंसुद्धा उरकलं."

टिळ्याचं त्या अजून बोलल्या नव्हत्या. ठाकूरसाहेबांचा फोटो काढून पाठवला, त्यांचेही कपडे सांगितले. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. तेजपालने फोन उघडला आणि तो आईकडे वळून उभा राहिला, कुणाला न दाखवता. माजीसांनी हात पुढे केला. द्यावाच लागला.

बापलेक शेजारी उभे. पगड्या गुलाबी, काठ चांदीचे, बंद ज्याच्या त्याच्या डाव्या काखेखाली. सगळं बिनचूक. फक्त वय झालेला माणूस, पगडी आणि मागे भिंत एवढं पाहून संगणकाने आपल्या अकलेने ठाकूरसाहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता.

रावजींच्या मांडीवरचा फेटा खाली पडला.

तेजपाल घाईघाईने म्हणाला, की हार नको असं लिहिलं की निघेल.

माजीसांनी फोटो जवळ घेऊन नीट पाहिला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "टिळ्याला व्याह्याला आम्हीच घालणार आहोत." आणि चहा मागितला.