तयार उत्तरातली शेवटची ओळ

डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधला आणि सुनेला बजावलं, "सुई किंवा फोन, दोन्हीपैकी एकच."

सुई सोडणं शक्यच नव्हतं. ती कापडी बाहुल्या करून फोनवरच विकायची. शिवता शिवता डाव्या हाताने गिऱ्हाइकांना उत्तरं देता देताच मनगट गेलं होतं. नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. तेव्हा सासरेच म्हणाले, "दे तो फोन इकडे. बत्तीस वर्षं विमा कंपनीत पत्रांना उत्तरंच दिली आहेत मी."

पहिल्याच दिवशी घोळ झाला. निळी बाहुली आहे का, एवढंच कुणीतरी विचारलं होतं. बाबांनी 'आपला संदेश मिळाला, आनंद वाटला' इथपासून सुरुवात केली. पत्र संपेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडून घेऊन मोकळं झालं होतं.

"बाबा, सगळे तेच तीन प्रश्न विचारतात," सून हसत म्हणाली. "आहे का, बदल करून मिळेल का, जास्त घेतल्या तर कमी कराल का. उत्तरं एकदाच लिहून ठेवू. तिरकी रेघ आणि एक शब्द टाकला की अख्खं उत्तर समोर येतं. आकडे तेवढे भरायचे."

दुपारी जेवणाच्या टेबलावर कापडाची कात्रणं बाजूला सारून दोघं बसली. 'साठा' सोपं होतं: अमुक रंगाच्या आज इतक्या तयार आहेत, पैसे भरले की बाहुली तुमच्या नावाने बाजूला ठेवू, त्याआधी राखून ठेवता येत नाही.

'घाऊक'पाशी मात्र बाबा अडले. "तू आजवर किती सूट देत आलीस?"

"मागतील तेवढी."

"का?"

"गिऱ्हाईक जाईल म्हणून."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पन्नास बाहुल्या केल्या तर पन्नासावीला कमी टाके लागतात का गं?"

ती पट्ट्याच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग दोघांनी हिशेब मांडला. एकाच नमुन्याच्या असतील तर कापड एकदम कापता येतं, एकाच खोक्यातून पाठवता येतात. वाचतं ते एवढंच. त्यातून निघालं: एकाच नमुन्याच्या पंचवीसच्या वर आठ टक्के सूट, पाच आठवडे लागतील, बाहुलीवर दोऱ्याने नाव भरायचं असल्यास त्याचे पैसे वेगळे. बाबांनी 'पाच'खाली दोनदा रेघ ओढली. "चार नाही. तुझा हात आहे तो, यंत्र नाही."

'बदल'चं उत्तर बाबांनी एकट्यानेच लिहिलं. केसांचा रंग, फ्रॉकचा रंग, छातीवर नाव, दहा दिवस. शेवटी एक ओळ: 'याशिवाय इतर बदल करता येत नाहीत.' सुनेचा हात वाचवायचा तर कुंपण हवंच, असं त्यांचं मत.

आठवडाभर गाडी झकास चालली. एका दुकानदाराने साठ बाहुल्यांवर तीस टक्के मागितले, 'घाऊक' वाचून परत आलाच नाही. सुनेला दिवसभर चुटपुट लागली, पण संध्याकाळी ती कित्येक महिन्यांनी नुसती गॅलरीत बसली.

मग एका सकाळी कुणा आईचा संदेश आला. बाहुलीत बदल करून मिळेल का, एवढ्यावर नजर गेली आणि बाबांनी 'बदल' धाडून दिलं. पलीकडून लगेच आलं, 'ठीक आहे. धन्यवाद.' तेव्हा कुठे त्यांनी वरचं नीट वाचलं. तिच्या मुलीच्या उजव्या कानाला मशीन होतं. शाळेत मुली बघतात म्हणून ती ते काढून दप्तरात ठेवायची. बाहुलीच्या कानामागे तसलं मशीन लावता येईल का, असं आईने विचारलं होतं.

बाबा फोन घेऊन सुनेपाशी आले. तो तिच्यापुढे धरला. तिने वाचलं.

"मी नाही म्हणून बसलो गं. पुरतं न वाचता."

"बसा आधी." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "अजून कुठे गेलीये ती? लिहा, मी सांगते."

बाबांनी आधी स्वतःचं लिहिलं: 'माफ करा, मी घाईने तयार उत्तर पाठवलं. मी इथला म्हातारा कारकून.' मग सुनेचं: 'मशीन कुठल्या रंगाचं आहे? कानामागून कसं बसतं, एक फोटो पाठवाल का?'

उत्तराला दुपार झाली. तोवर बाबांनी चहा गार करून ठेवला. फोटो आला, मशीन जांभळं होतं. सुनेने नमद्याच्या जाड लोकरी कापडाचा नखाएवढा तुकडा कापला, तीनदा उसवला, चौथ्यांदा जमला.

त्याच संध्याकाळी बाबा 'बदल' उघडून बसले. बराच वेळ खोडाखोड चालली.

"ऐक. 'याहून वेगळं काही हवं असेल तर जरूर सांगा. जमेल की नाही, ते विचार करून एका दिवसात कळवू.' चालेल?"

"जमेलच असं नाही ना म्हटलंत?"

"नाही. पण ऐकून घेऊ, असं म्हटलंय."

बाहुली पोचल्यावर आईने कळवलं, 'मुलगी अजून रोज मशीन लावून ठेवत नाही. पण काल शाळेतून घरी येईपर्यंत कानावर होतं. बाहुलीची बॅटरी कधी बदलायची, असं विचारतेय.'

"याला काय उत्तर देऊ?" बाबांनी विचारलं.

सून सुई थांबवून म्हणाली, "तुमच्या मनाने लिहा. लांबलं तरी चालेल."

बाबांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि एका बोटाने लिहायला घेतलं.