किक आहे ना

हिरालालला नव्या मोटरसायकलचा भारी तोरा होता. जुनी कार्बोरेटरची गाडी थंडीत चोक ओढून दहा किका खाल्ल्याशिवाय उठायची नाही. पण बिघडली तर सेक्टरातला कुठलाही मिस्त्री कार्बोरेटर साफ करून किरकोळ पैशांत सोडायचा. ती त्याने जवळच्या अहिवारा गावी राहणाऱ्या धाकट्या भावाला, नत्थूला, देऊन टाकली. नवी फ्युएल इंजेक्शनची. कडाक्याच्या थंडीतही बटण दाबलं की सुरू, चोकची भानगडच नाही.

दुरुस्ती मात्र खिसा कापणारी. दिवाळीत एक सेन्सर बदलताना त्याचे डोळे पांढरे झाले होते. म्हणून स्मृति नगरच्या मिस्त्रीने बॅटरी बदलायला सांगितली, तेव्हा त्याने हात झटकले.

"किक आहे ना. जुनीची बॅटरी तं कवाचीच मेली होती, तरी चालत होती."

"तिचं येगळं होतं, काका. हिच्यात पेट्रोलचा पंपच बॅटरीवर चालते. बॅटरी बसली का किक मारून बी फायदा नाही."

मिस्त्री लोकांना गिऱ्हाईक कापायची सवयच असते, असं म्हणत हिरालाल घरी आला. शहाणपणा कुठे दाखवावा हे त्याला कधी कळलंच नाही.

जानेवारीतल्या एका पहाटे नत्थूचा फोन आला. त्यांची आई, अंजनाबाई, कित्येक महिने नत्थूकडे अंथरुणाला खिळलेली होती. तो एकटाच तिचं सगळं करायचा.

"दादा, मायचं काही खरं नाही. डाक्टर म्हने, सांजवरी काढन. लवकर ये."

हिरालालने चावी फिरवली. रोज टाकीतून येणारी पंपाची बारीक घरघर आज आलीच नाही. किक मारून पाय भरून आला. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून गाडी गल्लीभर ढकलली. ती हूं की चूं करेना. धुक्यात ऑटोही मिळेना. त्याने पुन्हा फोन लावला.

"गाडी चालू नाही होऊन राहिली. तूच ये मले घ्यायले."

"मायजवळ कोन बसन?" नत्थूने विचारलं.

"शेजारची कांता हाये ना. डाक्टर तं सांजवरी म्हनला होता."

थोरल्या भावाचा शब्द नत्थूने कधी मोडला नव्हता. त्याने जुनीचा चोक ओढला आणि निघाला.

दोघं अहिवाऱ्याला पोचले तेव्हा कांताने अंजनाबाईचे डोळे मिटले होते. नत्थू दारातच खाली बसला.

हिरालालने घाबरत विचारलं, "माय काही बोलली का?"

"बोलली," कांता म्हणाली. "नत्थूचा हात मांगत होती. तुमाले आनायले गेला म्हनून सांगतलं, तं माह्यावालाच हात धरला. पन तो नत्थूचा नोहे, हे तिले समजलं."

हिरालालने नत्थूकडे पाहिलं. नत्थू उठून आईजवळ गेला आणि तिचा गार हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला.