किंचित वर्णभिन्नता

हेमकांत सर कृषी महाविद्यालयातून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. महिन्यातून एकदा ते माझा सोलर ड्रायर बघायला येतात. त्यांना तीनच गोष्टी लागतात: मागच्या भेटीनंतर काय झालं, काय अडलं आणि एक नेमका प्रश्न. "आता काय करू?" हा प्रश्न ते धरतच नाहीत. एकदा मी तोच विचारला, तर म्हणाले, "रंजिता, लग्न कर."

परवा सर आले तेव्हा नेमक्या दगूमावशीही येऊन बसल्या. बचत गटाची लाल मिरची माझ्याकडे द्यायची की अंगणातच वाळवायची, हे त्या ठरवणार होत्या. मिरची आली नाही, तर ड्रायर बंद करून मला सुरतेला नोकरी शोधावी लागणार होती. मी जाम घाबरले होते.

म्हणून मी शब्द जपून वापरले. "सर, वाळवायला बारा दिवस लागायचे, आता चार लागतात. धूळ नाही, बुरशी नाही. फक्त काही ट्रेमध्ये किंचित वर्णभिन्नता आढळते."

मावशींनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

"अहिराणीत सांग," सर म्हणाले. "मला मराठी समजत नाही."

पुण्यात शिकलेला माणूस खुशाल असं म्हणतो! मला रागच आला.

"सर, मिरची काळी पडी ऱ्हायनी!"

मावशींची मान थांबली.

"बठ्ठी, का थोडीच?" सरांनी विचारलं.

"नही. पंखा हवा बाहेर फेकस ना, त्याच टोकनी. तठे दुपारले पासष्टना वर पारा जास. हवा आत येस तठे पंचेचाळीस. आन काळी पडस ती वाळत येलच. ओलीले काहीच होत नही..."

बोलता बोलता मीच थबकले. मग हळूच विचारलं, "सर, ओली मिरची गरम टोकाला ठेवली आणि वाळत आलेली थंड टोकाला हलवली तर?"

सर खूश झाले. "हा प्रश्न! ओलीतलं पाणी उडतं तोवर ती फारशी तापत नाही. कोरडी भाजून निघते. हलव, पण आधी दोनच ट्रे करून बघ."

मावशी उठल्या. काळी पडलेली एक मिरची मोडून त्यांनी वास घेतला.

"उद्या मी मन्ही एक गोणी आणसू," त्या म्हणाल्या. "बाकीन्या बाया ती देखतीन, मंग ठरावतीन."

एक गोणी! मला तिथेच नाचावंसं वाटलं. मावशींनी मात्र माझा दंड घट्ट धरला.

"पन रंजिता, काही बिघडनं तं पहिले मले सांगजो. सरले मंग."