‘तर्फे’ गेलं कुठे?

“हा कॅम्प आमचा आहे,” ताई म्हणाली आणि एका संशोधन पेपरची प्रिंट माझ्या ताटाशेजारी टाकली. “आणि तुझ्या तक्त्यात तो त्या लोकांच्या नावावर आहे.”

ताई सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मी आरोग्य संशोधन संस्थेत आहे. आमचं काम होतं धार्मिक संस्थांमुळे लसीकरण आणि मातांची तपासणी वाढते का, यावर आजवर झालेले अभ्यास गोळा करून आढावा लिहायचा. एकूण एकतीस अभ्यास निवडले होते. अहवाल शुक्रवारी आरोग्य खात्याकडे जायचा होता आणि त्याच्या आधारावर खातं वस्त्यांमधल्या परिचारिकांच्या फेऱ्या निम्म्या करून ते काम धार्मिक संस्थांकडे सोपवणार होतं. ताईची फेरी त्यातच होती. म्हणून रविवारी मी कच्चा मसुदा घरी आणला, तेव्हा तिने तो परवानगी न विचारता वाचला होता.

“पेपरात स्पष्ट लिहिलंय, प्रार्थनास्थळात लसीकरण,” मी म्हटलं.

“प्रार्थनास्थळात! दवाखान्याचं छत गळत होतं म्हणून हॉल मागितला. त्यांनी कुलूप काढलं. बास. घरोघरी जाऊन आयांना आणलं कोणी? बर्फाची पेटी खांद्यावर कोणी वाहिली? धर्मगुरूंनी तर खुर्च्या परत रांगेत लावून जा म्हणून दम दिला आम्हाला.”

“ताई, एका अनुभवावरून आढावा बदलत नाही.”

“हो का? मग बदल नको. चार पुस्तकं वाचलीस म्हणजे आम्ही काय नुसत्या सुया टोचणाऱ्या!” ती उठून गेली. जाताना माझा चहाही घेऊन गेली.

मला तिचा राग आला, पण ‘प्रार्थनास्थळात’मधला तो ‘त’ डोक्यात अडकला. सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी पहिल्यांदा तक्त्यातल्या नवव्या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केलं. आजवर मला तिथे दिसत होतं ‘संस्थेत राबवला?’ आणि मी अठ्ठावीस ठिकाणी ‘हो’ भरलं होतं. क्लिक केल्यावर वर पूर्ण ओळ उघडली: ‘संस्थेतर्फे राबवला?’

रकाना अरुंद होता, म्हणून वरच्या ओळीत ‘संस्थेत’ एवढंच मावलं होतं, ‘र्फे’ कापलं गेलं होतं आणि ‘राबवला?’ खालच्या ओळीत नीट दिसत होतं. मूळ आराखड्यात शब्द पूर्ण होता. तो मी नोकरी लागली तेव्हा वाचला होता. भरताना मात्र समोर तक्ता होता आणि तक्त्यावर विश्वास होता. चूक माझीच होती, त्यात वाद नाही.

रकाने अरुंद केले होते या कामातल्या माझ्या सहकाऱ्याने. ऑफिसात त्याला फूटपट्टी म्हणतात, कारण एका स्क्रीनवर सगळे रकाने मावले नाहीत तर त्याला जेवण जात नाही.

“मग काय झालं?” तो म्हणाला. “तू वाचलं नाहीस तर मी काय करू?”

“पण तू तुझं स्वतंत्र भरायचं होतंस. दोघांनी एकमेकांचं न बघता. तुझेही अठ्ठावीस ‘हो’ आहेत. तेच अठ्ठावीस.”

“म्हणजे आपलं एकमत चांगलंय.”

एकमत मोजायचा एक आकडा असतो. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. आमचा आकडा एकच्या एक आला होता आणि प्रकल्पाचे प्रमुख असलेल्या सरांनी तो मसुद्यात ठळक अक्षरांत टाकला होता. मी फाइलचा इतिहास उघडला. एकतीस अभ्यासांचा नववा रकाना फूटपट्टीने दोन मिनिटांत भरला होता.

“एक पेपर चार सेकंदांत वाचतोस?” मी विचारलं.

“जास्त शहाणपणा करू नकोस,” तो हळू आवाजात म्हणाला. “बुडालो तर दोघंही बुडू. तुझं तर कंत्राट आहे, माझं तेही नाही.”

मंगळवार-बुधवार मी एकतीस पेपर पुन्हा वाचले. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: संस्थेने लोकांना सांगितलं, माणसं दिली, की फक्त जागा दिली? लसीकरणाचे अठरा अभ्यास होते; मातांच्या तपासणीच्या तेरांत एकत्र जोडता येतील असे आकडे नव्हते. त्यातल्या अकरांमध्ये फक्त जागा होती. ते वगळले तर उरलेल्या सातांत लसीकरण सरासरी आठ टक्क्यांनी जास्त होतं, आणि तेही खात्रीने नाही. खरा आकडा सहा टक्के कमीपासून चोवीस टक्के जास्तपर्यंत कुठेही असू शकत होता. आधी आम्ही चौतीस टक्के म्हणत होतो. सातपैकी चार ठिकाणी धर्मगुरू आणि परिचारिका सोबत फिरले होते. तिथे वाढ दिसत होती. धर्मगुरू एकटे बोलले त्या तीन ठिकाणी दिसत नव्हती. अभ्यास इतके थोडे होते, की यापुढे छातीठोकपणे काही म्हणता येत नव्हतं.

गुरुवारी मी हे सरांपुढे ठेवलं. फूटपट्टी शेजारी बसून नखं बघत होता.

“तुम्हाला आज सुचलं?” सर म्हणाले. “तीन महिने काय करत होतात?”

“चुकीचं भरत होते, सर.”

“तारीख उद्याची आहे. हे पुढच्या आवृत्तीत घालू.”

“पुढची आवृत्ती येईपर्यंत फेऱ्या बंद झालेल्या असतील.”

“फेऱ्या हा आपला विषय नाही.”

“आपला निष्कर्ष वाचूनच बंद करणार आहेत ना?”

सरांनी चष्मा काढला. “आणि हे एकमत? एकच्या एक? तेही खोटं?”

मी फूटपट्टीकडे बघितलं. त्याने नखांवरून नजर उचलली नाही, म्हणून मी फाइलचा इतिहास सरांकडे सरकवला.

“चुगलखोर,” तो म्हणाला.

“नाव काय ठेवायचं ते ठेव. निष्कर्ष ज्यांवर उभा आहे ते सातच्या सात पेपर आज संध्याकाळपर्यंत स्वतः वाचून भर. माझं न बघता.”

त्याने भरले. शिव्या घालत, दार आपटत, पण भरले. सहांत आमचं जमलं. एकावर जमलं नाही, तो सरांनी वाचून निकाल दिला. निकाल त्याच्या बाजूने लागला आणि खरं सांगायचं तर तोच बरोबर होता. तो अभ्यासही वगळला, निष्कर्ष तोच राहिला.

शुक्रवारी अहवाल गेला. त्यात ‘आराखड्यापासून झालेले फरक’ या शीर्षकाखाली आमच्या दोघांच्या चुका होत्या. सरांनी लेखकांच्या यादीत माझं नाव दुसऱ्यावरून चौथ्या क्रमांकावर नेलं. कंत्राटाबद्दल “बघू” म्हणाले, म्हणजे मी दुसरीकडे बघायला लागलं पाहिजे.

घरी ताईला शेवटचं पान दाखवलं. तिने उभ्याउभ्या वाचलं. ‘परिचारिकांच्या फेऱ्या कमी करण्यास सध्याच्या पुराव्यात आधार नाही.’

“आधार नाही म्हणजे? आम्ही चांगलं काम करतो असं लिही की सरळ.”

“तसं कोणी मोजलेलं नाही, ताई. मोजलं नाही ते मी लिहू शकत नाही.”

“नोकरी घालवलीस आणि एवढंही लिहिता आलं नाही?”

“नाही आलं.”

तिने चिडूनच पानाचा फोटो काढला, तिच्या दवाखान्याच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: ‘उद्याची फेरी ठरल्याप्रमाणे. सगळ्यांनी आठला या.’