आधी रॅम तपासा

महिन्यापूर्वी मास्तरांचा लॅपटॉप आला, तेव्हा मी पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळा झालो. मधेच बंद पडतो, फायली खराब होतात, डिस्क सात वर्षांची. "डिस्कच गेलीय, दुसरं काय!" त्याच लॅपटॉपवरून सगळं नव्या डिस्कवर कॉपी केलं आणि जुनी डिस्क पुसून भंगारात दिली.

आज मास्तर पुन्हा आले. "अहो, आता तर हिचा आवाजच लागत नाही."

त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या आवाजाच्या चाळीस फायली त्या लॅपटॉपमध्ये होत्या.

नवी डिस्क तपासली, ठणठणीत. मग रॅमची चाचणी लावली. दहाव्या मिनिटाला पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरला; बिघाड रॅममध्येच होता. कॉपी होताना प्रत्येक फाइल याच रॅममधून गेली होती. जुन्या डिस्कवर त्या बहुधा धडधाकट होत्या, आणि ती मीच पुसली होती. आधी रॅम तपासा, हे मी शिकाऊ पोरांना ओरडून सांगतो!

रॅम बदलून फायली उघडल्या. अकराच लागल्या. शेवटची लागली, "अहो, गोळी घेतलीत का? नाहीतर तुम्ही...", आणि खरखर.

मास्तर माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून एवढं तरी वाचलं."

आणि मी निर्लज्जपणे मान हलवली.